बस सारसबागेपाशी, अंतर शून्य: जवळच्या अंतरांना कोसाइनचं सूत्र का दगा देतं

भाच्याचा इंजिनीअरिंगचा प्रोजेक्ट होता. बसमध्ये जीपीएस आणि आर्डुइनो उनो बसवायचं, थांबा पन्नास मीटरवर आला की बझर वाजवायचा. थांबा म्हणून त्याने स्वारगेट घेतलं होतं. लॅपटॉपवर पायथनमध्ये सगळं झकास चालत होतं. तेच सूत्र उनोवर चढवलं आणि बझर सारसबागेपासूनच कोकलायला लागला. स्क्रीनवर अंतर शून्य. शनिवारवाड्यापाशी अंतर २२०० मीटर, थोडं पुढे गेलं की एकदम ३१११. मधलं काहीच नाही. आणि बस स्वारगेटला उभी असताना कधी शून्य, कधी २२००, तर कधी चक्क `nan`.

"मामा, जीपीएस खराब आहे बहुतेक," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, खराब जीपीएस वेडंवाकडं दाखवेल, दर वेळी नेमकं २२०० कसं दाखवेल?" जीपीएस काढून ठेवलं आणि अक्षांश-रेखांश हातानेच टाकून पाहिले. तरी तेच. म्हणजे गडबड गणितात होती. पण सूत्र तर बरोबर होतं. दोन बिंदूंचे अक्षांश `p1`, `p2` आणि रेखांश `l1`, `l2` असले, तर गोलावरचं अंतर असं निघतं:

```cpp
float c = sin(p1)*sin(p2) + cos(p1)*cos(p2)*cos(l2-l1);
float d = 6371000.0 * acos(c);
```

हा गोलीय त्रिकोणाचा कोसाइन नियम. पहिल्या ओळीत दोन बिंदूंमधल्या कोनाचा कोसाइन मिळतो. दुसऱ्या ओळीत त्यावरून कोन काढायचा आणि पृथ्वीच्या त्रिज्येने गुणायचं. यात एकही चूक नाही. हे सूत्र कुठे मोडतं ते पाहायला संगणकही लागत नाही, अकरावी-बारावीचं लॉग टेबल पुरतं.

त्या चार अंकी तक्त्यातलं कोसाइनचं पान काढा आणि शून्य अंशाची ओळ पाहा. रकाने सहा-सहा मिनिटांचे असतात. १.००००, १.००००, १.००००, असं अर्ध्या अंशापर्यंत चालतं. ३६ मिनिटांच्या रकान्यात पहिल्यांदा ०.९९९९ येतं आणि तेही ओळीच्या शेवटापर्यंत तसंच राहतं. आता साइनच्या पानावर तीच ओळ पाहा: ०.००००, ०.००१७, ०.००३५, ०.००५२, ०.००७०. कोन तेच, छापलेले अंकही चारच, पण इथे प्रत्येक रकाना वेगळा आहे. कोसाइनच्या पानावरून उलटं वाचायला गेलात, म्हणजे "कोसाइन १.०००० आहे, तर कोन किती?" असं विचारलंत, तर तक्ता म्हणणार: शून्यापासून साधारण ३४ मिनिटांपर्यंत कुठलाही घ्या. पृथ्वीवर ३४ मिनिटांचा कोन म्हणजे जवळजवळ ६३ किलोमीटर. या तक्त्याच्या हिशोबाने सीएसएमटी, कल्याण आणि कर्जत ही तिन्ही स्टेशनं एकाच जागी आहेत.

कारण सरळ आहे. शून्यापाशी कोसाइनचा आलेख टेकडीच्या सपाट माथ्यासारखा असतो. तिथे कोन थोडा वाढवला तरी कोसाइन जवळजवळ हलत नाही. कोन θ रेडियनमध्ये मोजला, तर कोसाइन १ पासून फक्त θ²/२ एवढा खाली येतो. छोट्या संख्येचा वर्ग आणखी छोटा असतो, आणि इथे दुखणं त्या वर्गाचंच आहे. कोन एक लक्षांश असेल तर कोसाइनमधला फरक एक अब्जांशाच्याही वीसाव्या भागाएवढा राहतो. आपल्याला हवी असलेली सगळी माहिती त्या इवल्याशा फरकात आहे, आणि आपण ती १ या आकड्याला चिकटवून साठवतोय. उसाने भरलेली ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढवायची, वर कोथिंबिरीची एक जुडी ठेवायची आणि दोन वजनांतल्या फरकावरून जुडीचं वजन काढायचं, असा हा प्रकार आहे. काटा खोटा नाही, पण तो जुडीसाठी बनवलेला नाही.

संगणकाचा काटा किती बारीक असतो? संगणक अपूर्णांक साठवतो ते वैज्ञानिक पद्धतीने: काही ठरावीक अंक, आणि दशांशचिन्ह कुठे आहे ते सांगणारा घातांक. `float` या प्रकारात साधारण सात सार्थ अंक मावतात, `double` मध्ये साधारण सोळा. त्यामुळे संख्यांमधली फट सगळीकडे सारखी नसते. शून्याजवळ संख्या अतिशय दाटीने बसलेल्या असतात, मोठ्या आकड्यांकडे जावं तशा विरळ होतात. `float` मध्ये १ च्या लगेच खालची संख्या ०.९९९९९९९४ आहे. या दोघींच्या मध्ये एकही संख्या नाही.

आता स्वारगेटपासून सरळ उत्तरेला ०.००४५ अंश सरका, म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. कोन झाला ०.००००७८५ रेडियन. त्याचा खरा कोसाइन ०.९९९९९९९९६९. हा आकडा `float` मध्ये मावतच नाही. शेजारच्या दोन जागांपैकी १ ही जागा कितीतरी जवळ, म्हणून तो १ होतो. मग `acos(1)` म्हणजे शून्य, आणि बझर वाजतो. १ वरून खालच्या पायरीकडे झुकायला कोन किती मोठा हवा, याचा हिशोब केला तर अंतर १५५५ मीटर येतं. त्याच्या आतलं सगळं शून्य. त्या पलीकडे गेलं की कोसाइन पहिल्या पायरीवर उतरतो आणि तिचं अंतर आहे २२०० मीटर. पुढची पायरी ३१११ मीटर, मग ३८१०, मग ४३९९. या आकड्यांमधलं नातं पाहा: २२०० ला √२ ने गुणा, √३ ने गुणा, मग २ ने गुणा. वर्गाने माहिती दाबली होती, उलटं जाताना वर्गमुळाने पायऱ्या अशा ताणल्या गेल्या. म्हणून तुमच्या यादीत अंतरं अशी √२, √३, २ च्या पटीत येताना दिसली, तर सेन्सर तपासत बसू नका. सरळ कोडमध्ये `acos` शोधा.

`nan` कुठून आला? एकच बिंदू स्वतःशी ताडून पाहिला तर सूत्रात sin² + cos² उरतं. कागदावर हे बरोबर १. मशीनवर मात्र प्रत्येक गुणाकार आणि बेरीज शेवटच्या अंकाशी किंचित इकडेतिकडे होते. बेरीज कधी १ येते, कधी एक पायरी खाली, कधी एक पायरी वर. खाली गेली तर स्वारगेट स्वारगेटपासून २२०० मीटर लांब जातं. वर गेली तर १ पेक्षा मोठा कोसाइन होतो, आणि तसा कोनच नसतो, म्हणून `nan`. पायथन इथे `ValueError` देऊन थांबतं, जावास्क्रिप्ट `NaN` देतं, मायएसक्यूएल मुकाट्याने `NULL` देतं. शेवटचं मला सगळ्यात घातक वाटतं, कारण "जवळची दुकानं दाखवा" अशा क्वेरीत अगदी दारातलंच दुकान यादीतून गायब होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. यावरचा लोकप्रिय इलाज म्हणजे `min(1, c)` लिहून मोकळं व्हायचं. `nan` जातो हे खरं. पण तो फक्त ओरडणारा रोगी होता. शून्य आणि २२०० हे न ओरडणारे तसेच राहतात.

मग लॅपटॉपवर काही का दिसलं नाही? पायथनचा `float` हा खरं तर `double` आहे, सोळा अंकांचा. तिथे १ च्या खालची फट सुमारे १.१ × १०⁻¹⁶ आहे. रोग तोच, पण पायऱ्या बारीक: शून्यानंतरचं पहिलं अंतर ९.५ सेंटिमीटर, मग १३.४, १६.४, १९. पन्नास मीटरच्या आसपास गेलात की या पायऱ्या मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या होतात, मग कोण बघतंय? उनोवर मात्र एक गंमत आहे. तिथे तुम्ही `double` लिहिलंत तरी चारच बाइट मिळतात, म्हणजे तो `float` च असतो. भाच्याने "मामा, मी डबल वापरलंय" असं तीनदा सांगितलं होतं. त्याने लिहिलं होतं हे खरं, पण मिळालं नव्हतं.

`double` वर हा रोग जवळून पाहायचा तर एखादा मीटर घ्या. अक्षांशात ०.००००१ अंशाचा फरक म्हणजे १.११२० मीटर. त्याचा कोसाइन आहे ०.९९९९९९९९९९९९९८४८. मोजून पाहा, पहिले तेरा नऊ सगळ्याच जवळच्या बिंदूंना सारखे असतात, ते काही सांगत नाहीत. कामाचे अंक उरले शेवटचे तीन. सोळा अंकांची ऐपत असलेल्या मशीनकडून आपण तीन अंकांचं उत्तर घेतोय. इथे मिळू शकणारी अंतरं म्हणजे १.१०७१, १.१११२, १.११५२ मीटर, चार-चार मिलिमीटरच्या उड्या. खरं १.११२० त्यात नाहीच. वर बेरीज-गुणाकाराची चूक एखाद-दुसऱ्या पायरीची, म्हणजे आणखी काही मिलिमीटर. शहरातल्या बसला याचं काही नाही. पण इमारतीचा तडा किंवा धरणाच्या भिंतीची हालचाल मोजणाऱ्याला हे परवडायचं नाही. आणि अंतर एक सेंटिमीटर असेल तर `double` सुद्धा "शून्य किंवा साडेनऊ" असंच म्हणतो.

दोष `acos` चा आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. `acos` ला जे दिलं त्याचं तो इमानदारीने उत्तर देतो. त्याच्या हातात आकडा येतो तोवर माहिती गेलेली असते. म्हणून जास्त अचूक `acos` लिहून काहीही साधत नाही.

उपाय असा की तो १ हिशोबात येऊच द्यायचा नाही. कोसाइनऐवजी १ वजा कोसाइन हीच राशी सुरुवातीपासून धरायची. ते करायला एक जुनं सूत्र आहे: १ − cos θ = २ sin²(θ/२). वराहमिहिराने सहाव्या शतकात हे नातं वापरलं होतं, आणि १ वजा कोसाइन या राशीला आपल्याकडे उत्क्रमज्या असं नावही होतं. कोसाइन नियमात हे सूत्र तीन ठिकाणी घातलं, एकदा डावीकडच्या कोनासाठी आणि मग अक्षांश व रेखांश यांच्या फरकांसाठी, की दोन्ही बाजूंचे १ एकमेकांना खाऊन टाकतात आणि एवढंच उरतं:

```
sin²(θ/2) = sin²(Δφ/2) + cos φ1 · cos φ2 · sin²(Δλ/2)
```

हेच हॅवरसाइन. नाव दिलं जेम्स इनमन या इंग्रज नौकानयन शिक्षकाने १८३५ मध्ये: अर्धा व्हर्स्ड साइन, म्हणजे आपली अर्धी उत्क्रमज्या. खलाशांना ते आवडलं त्याचं एक कारण लॉग टेबलच होतं. ही राशी कधी ऋण होत नाही, त्यामुळे लॉग घेताना चिन्हांची कटकट नाही. संगणकवाल्यांसाठी रॉजर सिनॉट यांनी १९८४ मध्ये एका खगोल मासिकात त्याची नव्याने आठवण करून दिली.

लक्षात घ्या, हे दुसरं सूत्र नाही. कोसाइन नियमच आहे, फक्त १ ची वजाबाकी कागदावर उरकून घेतलेली आहे, कारण कागदावर ती बिनचूक होते. आता त्याच ५०० मीटरसाठी उजवी बाजू १.५४२ × १०⁻⁹ येते. आकडा इवलासा आहे, पण `float` ला त्याची अडचण नाही. दशांशचिन्हानंतरची शून्यं घातांकात गेली, आणि सातही अंक खऱ्या माहितीसाठी मोकळे राहिले. जुडी आता भाजीवाल्याच्या तराजूत आहे.

पण इथेही वजाबाकी आहेच की! `lat2 - lat1` मध्ये दोन जवळजवळ सारख्या संख्या वजा होतात. मग तिथे तोच घात का होत नाही? कारण दोन संख्या एकमेकींच्या दुपटीच्या आत असतील तर त्यांची वजाबाकी मशीन बिनचूक करतं, उत्तरात नवी चूक शिरत नाही. उरते ती फक्त मुळात अक्षांश-रेखांश साठवताना झालेली चूक. `float` मध्ये १८.५ च्या आसपास दोन संख्यांमधलं अंतर जमिनीवर सुमारे २१ सेंटिमीटर भरतं, आणि ७३.८६ च्या आसपास सुमारे ८० सेंटिमीटर. म्हणजे उनोवर हॅवरसाइनची मर्यादा एखाद्या मीटरची, जीपीएसची स्वतःची चूकच त्याहून जास्त. कोसाइन नियमालाही नेमके हेच अक्षांश-रेखांश मिळत होते, आणि त्याची मर्यादा होती दोन किलोमीटर.

कोड असा झाला:

```cpp
float s = sin(radians(lat2 - lat1) / 2);
float t = sin(radians(lon2 - lon1) / 2);
float a = s*s + cos(radians(lat1)) * cos(radians(lat2)) * t*t;
float d = 2 * 6371000.0 * asin(sqrt(min(1.0f, a)));
```

यात आधी अंशांत वजाबाकी आणि मग रेडियन, हा क्रम मुद्दाम आहे. आधी रेडियन केले तर दोन्ही आकडे एकेकदा पुन्हा गोल होतात आणि `float` वर रेखांशात पाऊण मीटरपर्यंत जादा चूक येऊ शकते. आणखी एक खोडी मी दुसऱ्याच एका कोडमध्ये पाहिली आहे. कुणीतरी `s*s` च्या जागी `(1 - cos(x))/2` लिहिलं होतं, "एक साइन वाचतो" म्हणून. फंक्शनचं नाव `haversine`, आणि आत तोच १ परत आलेला. बीजगणितात दोन्ही एकच, पण तो १ कुणी वजा केला, तुम्ही की मशीनने, यावर सगळं ठरतं.

म्हणून कोसाइन नियम टाकून द्यायचा का? मला नाही तसं वाटत. `double` असेल आणि अंतरं मीटरच्या वर असतील, तर `min` लावून तो खुशाल वापरा. `float` वरसुद्धा पुणे-मुंबई एवढ्या, म्हणजे हवाई १२० किलोमीटरच्या अंतराला त्याच्या पायऱ्या वीस मीटरच्या येतात. तसंही पृथ्वी नेमकी गोल नाही. तिला गोल मानण्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाते आणि ती दोन्ही सूत्रांत सारखीच असते. फरक असा की ही चूक अंतराच्या प्रमाणात लहान होत जाते, एका मीटरला पाच मिलिमीटर. कोसाइनची चूक मात्र अंतर लहान होईल तशी वाढत जाते.

हॅवरसाइनचीही एक दुखरी जागा आहे, ती पृथ्वीच्या बरोबर पाठीमागे. दोन बिंदू एकमेकांच्या नेमके विरुद्ध असले की `a` स्वतःच १ च्या जवळ जातो आणि `asin` तिथे तसाच सपाट माथ्यावर अडकतो. कोडमधला `min` त्यासाठीच आहे. `double` वर तिथली पहिली पायरी १९ सेंटिमीटरची, वीस हजार किलोमीटरांत. उनोवर मात्र ४३९९ मीटरची, हा आकडा आता ओळखीचा वाटेल. `atan2` वापरणारं तिसरं रूप दोन्ही टोकांना टिकतं. भाच्याने विचारलं की तेच घालू का. स्वारगेटच्या बरोबर पाठीमागची जागा आम्ही नकाशावर काढून पाहिली. दक्षिण पॅसिफिकमध्ये, १८.५ दक्षिण, १०६.१ पश्चिम. आजूबाजूला नुसतं पाणी, बसथांबा एकही नाही. हॅवरसाइनच ठेवलं.